सर्किटला लागलेला शेअर आणि रिट्राय मारणारा बॉट

"बॉटमध्ये सर्किट-बिर्किट तपासायची काहीएक गरज नाही. शेअर सर्किटला लागला की एक्स्चेंज आपली ऑर्डर रिजेक्टच करतो, खिशातून एक पैसा जात नाही. फक्त रिट्राय लावून ठेवा, ट्रेडिंग सुरू झालं की ऑर्डर आपोआप भरते. आणि अगदीच हौस असेल तर कालच्या बंद भावाला टक्के लावून सकाळीच मर्यादा काढून ठेवा."

हा फॉरवर्ड फोंडा आणि म्हापशाच्या आमच्या ग्रुपांत इतक्या वेळा फिरलाय की आता नवीन मुलं तो नियम म्हणून एकमेकांना सांगतात. मीही एकेकाळी हेच मानत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेअरचा भाव एका दिवसात किती वर-खाली जाऊ शकतो याची एक्स्चेंजने ठरवलेली हद्द म्हणजे बँड, आणि भाव तिच्या काठाला जाऊन अडकला की सर्किट लागलं म्हणतात. एक्स्चेंज रिजेक्ट करतो ती बँडच्या बाहेरच्या भावाची ऑर्डर. बँडच्या अगदी काठावरची ऑर्डर तो मुकाट्याने घेतो, आणि घोळ तिथेच होतो. समजा एक शेअर काल ४१२.६० ला बंद झाला आणि त्याला ५ टक्क्यांचा बँड आहे. आज तो ३९२ च्या खाली आणि ४३३.२० च्या वर जाणार नाही. कंपनीचे निकाल वाईट लागले, सगळे विकायला धावले आणि भाव ३९२ वर जाऊन बसला. आता तुम्ही ३९१ ला विक्री टाकलीत तर रिजेक्ट. ३९२ ला टाकलीत तर ऑर्डर स्वीकारली जाते, ऑर्डर आयडी मिळतो, स्टेटस `OPEN` दिसतं आणि तुमचे शेअर विकणाऱ्यांच्या लांबलचक रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहतात. समोर घेणारा एकही नसतो. संध्याकाळी ऑर्डर रद्द होते, शेअर तुमच्याकडेच राहतात.

माझ्या बॉटचं नेमकं हेच झालं होतं. ३०० शेअर होते, स्टॉप ३९५ ला. स्टॉप लागल्यावर विक्री लवकर व्हावी म्हणून मी भाव थोडा खाली धरून लिमिट ऑर्डर टाकायचो. ती बँडखाली गेली, रिजेक्ट झाली. रिट्रायमध्ये मी फार हुशारी केली होती. दर वेळी भाव आणखी एक रुपया खाली, म्हणजे दर वेळी बँडपासून आणखी दूर. दहाएक रिजेक्शननंतर मी हाताने भाव ३९२ केला आणि लगेच ऑर्डर आयडी आला. बॉटच्या हिशेबात आयडी आला म्हणजे माल विकला. त्याने १,१७,६०० रुपये सुटे झाले असं धरलं आणि यादीतला पुढचा शेअर घेऊन टाकला. खात्यात चवथीच्या खर्चाला ठेवलेले पैसे होते, ते त्यात गेले. दुसऱ्या दिवशी जुना शेअर पुन्हा खाली उघडला, पण बॉटच्या लेखी तो विकून झालेला असल्यामुळे त्यावर स्टॉप नव्हता. घरी चवथीचं सामान आणायचं होतं आणि मी दोन शेअरांत अडकून बसलो होतो. तर पैसा जात नाही, हे असं.

इथे एक कबुली द्यायला हवी. सर्किट आधी ओळखलं असतं तरी ते ३०० शेअर त्या दिवशी विकले गेले नसतेच. खरेदीदारच नाही तर कुणीही विकून देऊ शकत नाही. तपासणीचा उपयोग एवढाच की बॉटला आपण अजून त्या शेअरमध्ये आहोत हे कळतं आणि तो पुढचं पाऊल टाकत नाही. दुसरी खरेदी टळली असती, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

आता तपासायचं कसं. भाव मर्यादेवर आहे एवढं पाहून चालत नाही, कारण खालच्या सर्किटवरही कधीकधी व्यवहार होत असतात. समोरची बाजू रिकामी आहे का, हे पाहावं लागतं. झिरोधाच्या काइट कनेक्ट या एपीआयच्या कोटमध्ये दोन्ही गोष्टी मिळतात:

```python
q = kite.quote(sym)[sym]
lo, hi = q["lower_circuit_limit"], q["upper_circuit_limit"]
bid = q["depth"]["buy"][0]["quantity"]
ask = q["depth"]["sell"][0]["quantity"]

sell_locked = q["last_price"] <= lo and bid == 0
buy_locked  = q["last_price"] >= hi and ask == 0
```

दोन वेगळे झेंडे ठेवलेत ते मुद्दाम. खालच्या सर्किटवर विक्री अडते, खरेदी मात्र क्षणात भरते, कारण विकणारे रांग लावून उभेच असतात. "सर्किट लागलं, सगळं थांबव" असा एकच झेंडा ठेवलात तर शॉर्ट केलेला माणूस नफ्यात असूनही बाहेर पडू शकत नाही. आणि झेंडाच नसेल तर पडला भाव बघून घेणारा बॉट अशा शेअरमध्ये आनंदाने शिरतो, जिथून त्या दिवशी परतीची वाट नाही. म्हणून मी खालच्या सर्किटवर बॉटची नवी खरेदी बंद ठेवतो, पण शॉर्ट मिटवायची खरेदी चालू ठेवतो. समोर खरेदीदार दिसू लागले की लगेच उड्या मारायच्या नाहीत. माझा बॉट सलग पाच कोटमध्ये खरेदीदार दिसल्यावरच झेंडा उतरवतो, कारण सर्किट सुटून पुन्हा लागणं हे नेहमीचंच आहे.

आता रिट्राय. रिजेक्ट झालेली ऑर्डर तीच माहिती घेऊन परत पाठवली तर उत्तर तेच येणार, हे तर उघडच आहे. शिवाय सेकंदाला दहा ऑर्डरच्या मर्यादेतली जागा या निरर्थक ऑर्डरी खातात आणि त्याच वेळी दुसऱ्या शेअरमधून बाहेर पडायचं असेल तर ती ऑर्डर अडकते. पण खरा धोका रिजेक्ट न झालेल्या ऑर्डरींचा. गर्दीच्या वेळी ऑर्डर पोचते, उत्तर मात्र टाइमआउट होतं. बॉटला वाटतं गेली नाही, तो दुसरी टाकतो, मग तिसरी. तिन्ही `OPEN` होऊन रांगेत उभ्या राहतात. सर्किट सुटलं की तिन्ही भरतात आणि ३०० च्या जागी ९०० विकले जातात. "आपोआप भरते" म्हणतात ती अशी भरते. उपाय सोपा आहे: प्रत्येक इराद्याला स्वतःचा `tag` द्यायचा आणि टाइमआउट झाला की पुन्हा टाकण्याआधी ऑर्डरबुक मागवून त्या `tag` ची ऑर्डर आहे का ते बघायचं. असेल तर नवी टाकायची नाही. आणि माल विकला हे आयडीवरून कधीच धरायचं नाही, `filled_quantity` वरून धरायचं.

मर्यादा घरी काढण्याबद्दल: वरचंच उदाहरण घ्या. ४१२.६० चे ५ टक्के २०.६३. वजा केले की ३९१.९७. हा शेअर ५ पैशांच्या पटीत चालतो, म्हणून तुमचा कोड जवळच्या पटीला जाऊन ३९१.९५ म्हणेल. पण तो आकडा बँडच्या बाहेर पडतो. बँड आतल्या बाजूला, म्हणजे ३९२ ला येतो. पाच पैशांच्या चुकीने दिवसभर रिजेक्शन. बोनस किंवा स्प्लिट असेल त्या दिवशी तर कालचा बंद भाव आधार म्हणून चालतच नाही, तो बदलून धरलेला असतो. बँडही कायमचा नसतो, २, ५, १० आणि २० टक्के असे प्रकार आहेत आणि देखरेखीखाली आलेल्या शेअरचा बँड एक्स्चेंज आवळतो. ज्या शेअरवर फ्युचर-ऑप्शन आहेत त्यांना ठरावीक बँडच नाही. त्यांची मर्यादा १० टक्क्यांपासून सुरू होते आणि भाव तिथे पोचून टिकला तर दिवसातच सरकते. सकाळी काढलेला आकडा दुपारी खोटा ठरतो. काइटच्या वेबसॉकेटवरून सतत येणाऱ्या भावांत, म्हणजे टिकमध्ये, या मर्यादा येत नाहीत, त्यामुळे टिकवर विसंबून असाल तर कोट वेगळा मागवावाच लागतो. तो सेकंदाला एकदाच मागता येतो, पण एका मागणीत ५०० शेअर बसतात, म्हणजे साध्या यादीला पुरून उरतो.

फॉरवर्डमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट म्हणजे अख्खा बाजार थांबणं. निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स, जो आधी १०, १५ किंवा २० टक्के हलेल त्यावरून सगळं थांबतं. १३ आणि २३ मार्च २०२० ला हे झालंय. दुपारी एकच्या आधी १० टक्के झाले तर ४५ मिनिटं थांबा, पण त्यानंतर १५ मिनिटांचं प्री-ओपन असतं, ज्यात ऑर्डरी गोळा करून सुरुवातीचा भाव ठरतो, नेहमीचे व्यवहार चालत नाहीत. ४५ मिनिटं मोजून जागा होणारा बॉट नेमका प्री-ओपनमध्ये जाऊन पडतो. अडीचनंतर मात्र १० टक्क्यांवर बाजार थांबतच नाही, म्हणजे "इंडेक्स १० टक्के पडला, झोप" हा नियमही चुकतो.

तांत्रिक बिघाडाला तर वेळापत्रकही नसतं. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई ११.४० ला थांबली आणि ३.४५ ला पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालली. बीएसई मधल्या वेळात चालूच होती. शेवटचा भाव पाहणाऱ्या बॉटला त्या चार तासांत काहीच वावगं दिसलं नसतं: भाव हलत नाही, स्टॉप लागत नाही, सगळं शांत. आणि ३.२० ला सगळं बंद करायचं असं घड्याळ लावलेलं असेल तर त्याने बंद बाजारात ऑर्डरी फेकल्या असत्या.

ही शांतता ओळखायला मी दोन गोष्टी एकत्र बघतो. एक शेअर गप्प असेल तर त्याचा अर्थ काही नाही, लहान शेअर मिनिटभर गप्प असतातच. पण यादीतले मोठे दहा शेअर आणि निफ्टी, सगळेच दहा सेकंद गप्प असतील तर काहीतरी थांबलंय. मग प्रश्न उरतो, बाजार थांबला की आपलं नेट गेलं? आमच्याकडे पावसात फांदी तारेवर पडली की लाइट जाते, राउटर जातो, त्यामुळे हा प्रश्न फोंड्यात पुस्तकी नाही. वेबसॉकेटवर भाव नसतानाही दर एक-दोन सेकंदांनी एका बाइटचा हार्टबीट येत असतो. हार्टबीट येतोय आणि भाव नाहीत, तर थांबा पलीकडे आहे. हार्टबीटच नाही, तर दोष आपल्या तारेचा, आणि तेव्हा बॉटने मला फोनवर मेसेज टाकून नव्या ऑर्डरी बंद ठेवायच्या.

दोन्ही प्रसंगांत जागं झाल्यावरचं पहिलं काम एकच: ऑर्डरबुक आणि पोझिशन नव्याने मागवायच्या. थांब्याआधी टाकलेल्या ऑर्डरी तशाच उभ्या असतील किंवा गेल्या असतील, दोन्ही धरून चालायचं नाही. बॉटच्या वहीत आणि ब्रोकरच्या वहीत एका शेअरचाही फरक दिसला की माझा बॉट तिथेच थांबतो आणि मी हाताने जुळवून देईपर्यंत एकही ऑर्डर टाकत नाही.