दहा मिनिटांत काय विचारायचं माणसानं?

रविवारी सांगलीत विश्रामबागला मुलगी बघायला गेलो होतो आणि डोकं अजून ठणकतंय. राग मुलीवर नाही, तिच्या घरच्यांवरही नाही. ज्या पद्धतीनं हा बघण्याचा कार्यक्रम उरकला जातो, त्या पद्धतीवर आहे.

तासगावहून दोन गाड्या भरून गेलो. मी, आई-वडील, मामा, दोन काका, चुलत बहिणीचे यजमान आणि मध्यस्थ. लग्न मी करणार, पण बोलायचं या सगळ्यांनी. सोफ्याच्या कडेला टेकून बसलो होतो, तळहाताला घाम सुटलेला. पोहे झाले. मग ती चहाचा ट्रे घेऊन आली. मी कप उचलला तर बशीवर खडखड वाजायला लागला, म्हणून बशी तशीच मांडीवर धरून बसलो. चहावर साय धरली तरी तोंडाला लावता आला नाही, कारण तेवढ्यात मामांनी तिला विचारलं, "नाव काय तुझं?"

अहो, नाव बायोडाटावर आहे! शिक्षण आहे, उंची आहे, देवक आहे, आजोळ आहे. महिनाभर तो कागद आमच्या घरात फिरतोय. पत्रिका बघून झाली, २६ गुण जुळले, एकनाड नाही म्हणून सगळे खूश. नाडीला ३६ पैकी ८ गुण असतात, हे आमच्या काकांना झोपेतसुद्धा पाठ आहे. पण ती मिरजेला दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि तिला रात्रपाळी असते, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. बायोडाटावर फक्त 'नोकरी' एवढंच. ती पाळी तिला चालू ठेवायची आहे का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. स्वयंपाकाचं मात्र विचारून झालं.

शेवटी मध्यस्थ म्हणाले, "दोघांना बोलू द्या जरा." आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. दार उघडंच. दारात तिचा लहान भाचा उभा केलेला आणि बाहेर सगळे एकदम गप्प, म्हणजे प्रत्येक शब्द ऐकू जाणार.

माझा घसा कोरडा पडला होता. तीच बोलली. म्हणाली, "माझी रात्रपाळी असते. लग्नानंतर सोडायला लावणार असाल तर आत्ताच सांगा. तासगावहून मिरजेला रात्रीचं येणंजाणं कसं जमणार?"

किती सरळ प्रश्न! आणि किती महत्त्वाचा. मी स्वतः कुपवाड एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करतो, मला त्यातलं सगळं कळतं. मला सांगायचं होतं की विश्रामबागच्या आसपास खोली घेतली तर मला कुपवाड जवळ, तुम्हाला मिरज जवळ. पण आईचे गुडघे गेलेत, बागेची छाटणी आली की वडिलांना माणूस लागतो, म्हणून सुट्टीला तासगाव सुटणार नाही. तेवढं तुम्हाला चालेल का? हे बोलायला दहा मिनिटं पुरत नाहीत. त्यात माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघायलाच वेळ लागला. "नोकरी सोडायची गरज नाही, पण..." इथपर्यंत आलो आणि बाहेरून काकांचा आवाज, "झालं का बोलून?"

त्या 'पण'वर ती उठली. तिनं त्या 'पण'चा काय अर्थ घेतला असेल?

गाडी माधवनगरला पोहोचायच्या आत मामा विचारतात, "काय, पसंत ना? संध्याकाळपर्यंत कळवायचंय." कशासाठी एवढी घाई? तर तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना कार्यालयं मिळत नाहीत म्हणून! कार्यालयाच्या तारखेसाठी दोन माणसांनी जन्माचा निर्णय संध्याकाळपर्यंत द्यायचा. मी म्हटलं, तिचा नंबर द्या, मला तिच्याशी बोलायचंय. तर मध्यस्थ म्हणतात, "आधी पसंती कळवा, मग नंबर. आमच्यात तसं चालत नाही." म्हणजे आधी हो म्हणायचं आणि मग ओळख करून घ्यायची!

आणि नंतर जमलं नाही की बोल कुणाला? पोरीला. "एवढं चांगलं स्थळ आलं होतं, नोकरीचा हट्ट धरला म्हणून गेलं," असं सांगायला हीच माणसं पुढं. पाहुणे पोहे खाऊन मोकळे होतात. तिला मात्र पुढच्या रविवारी पुन्हा ट्रे घेऊन दुसऱ्या आठ माणसांसमोर यावं लागतं.

मी घरात सांगून टाकलंय, होकारही कळवू नका आणि नकारही. तिच्या वडिलांना मी स्वतः फोन करणार आहे. सांगलीत कुठल्याही हॉटेलात, त्यांना वाटलं तर तिच्या भावाला शेजारच्या टेबलावर बसवून, पण तासभर आम्हा दोघांना बोलू द्या म्हणून. मामा कालपासून बोलत नाहीत माझ्याशी. नका बोलू. मला आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर पुरं करायचंय.