फायर ड्रिलच्या सह्या आणि ऑडिट : त्या फॉरवर्डला उत्तर

"ऑडिट आलंय? टेन्शन नको. एक शीट काढा, सगळ्यांच्या सह्या घ्या, गैरहजरांच्या मित्राकडून करून घ्या. १००% हजेरी दिसली की ऑडिटर पान उलटतो. ड्रिलचा वेळ २ मिनिटं लिहा. ट्रेनिंगची सही म्हणजेच ट्रेनिंगचा पुरावा. आणि कागद कशाला, एक्सेल पुरे."

हा मेसेज तीन ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला, पण काल भाच्याने पाठवला. नुकताच सेफ्टीत लागलाय, वर विचारतो "मामा, असंच करतात ना?" म्हणून लिहायला बसलो.

आधी ते मित्राच्या सहीचं, कारण सगळ्यात घातक तेच आहे. ऑडिटर शीट वाचत बसत नाही, तो ती दुसऱ्या कागदाशी लावून बघतो. आमच्या जुन्या ठिकाणी हेच झालं. शीटवर ६४ पैकी ६४ सह्या, सगळे खूश. ऑडिटर बाईंनी त्यातली पाच नावं निवडली आणि त्या तारखेचं गेटचं पंचिंग आणि रजेचा रजिस्टर मागवला. दोघं रजेवर, एक रात्रपाळीचा, म्हणजे ड्रिलच्या वेळी घरी झोपलेला. तीन सह्या खोट्या निघाल्या आणि मग त्यांनी आमचा प्रत्येक रेकॉर्ड उकरला, खरे होते तेसुद्धा.

१०० टक्के कोणी मागतच नाही, आकड्यांची बेरीज जुळायला हवी असते. तीच ड्रिल खरी लिहिली असती तर अशी दिसली असती: पटावर ६४, त्यातले ५ रजेवर, १८ दुसऱ्या पाळीत, म्हणजे आत ४१. त्यात कंत्राटी कामगार ६ आणि एक पाहुणा, झाले ४८. असेंब्ली पॉइंटवर मोजले ४६, उरलेले दोघं कंट्रोल रूममध्ये प्लॅनप्रमाणे थांबलेले, त्यांची नावं शेऱ्यात. बस्स, कोणीही कुठूनही तपासा. आणि जे २३ राहिले त्यांच्यासाठी वेगळी तारीख, वेगळी शीट, दुसऱ्या पाळीची ड्रिल दुसऱ्या पाळीतच.

यात कंत्राटी लोक आणि पाहुणे हमखास सुटतात, कारण शीट एचआरच्या यादीवरून छापलेली असते. म्हणून अलार्म वाजला त्या क्षणाची आतल्या लोकांची यादी गेटवरून काढायची आणि टिक असेंब्ली पॉइंटवर नाव पुकारून करायची, परत डेस्कवर आल्यावर नाही. एखादं नाव चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर दिसला की प्रश्न आलाच.

दोन मिनिटांचं तर हसूच येतं. चार ड्रिल, चारही वेळा बरोबर २ मिनिटं! अलार्म किती वाजता, शेवटचा माणूस बाहेर किती वाजता, मोजणी पूर्ण किती वाजता, हे तीन टाइम घड्याळात बघून लिहा, जे येईल ते. वेळ जास्त लागला आणि कारण लिहिलं असेल, म्हणजे मागच्या जिन्यात खोके होते, कोणी कधी हलवले, तर त्या ड्रिलवर विश्वास बसतो. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं स्टँडर्ड ISO 45001:2018, त्याच्या कलम 8.2 मध्ये इमर्जन्सीची तयारी ठराविक काळाने तपासा, तपासल्यावर कामगिरी बघा, गरज पडली तर प्लॅन सुधारा, आणि याची नोंद ठेवा असंच आहे. "सगळं छान" एवढाच शेरा असेल तर सुधारलं काय ते दाखवणार कुठून?

सही म्हणजे ट्रेनिंगचा पुरावा, हे अर्धंच. सही सांगते की माणूस खोलीत होता. त्याच स्टँडर्डचं 7.2 पुरावा मागतं तो माणसाला ते काम येतं याचा, आणि दिलेल्या ट्रेनिंगचा उपयोग झाला का तेही बघायला सांगतं. एक्स्टिंग्विशर हातात घेऊन पिन काढून दाखवली, बघणाऱ्याने नावापुढे लिहिलं, पुरे.

एक्सेलचं मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. कागदच हवा असं स्टँडर्ड म्हणत नाही. पण कोणीही उघडून कालची नोंद बदलू शकेल अशी फाइल असेल तर ती पुरावा म्हणून लंगडी. असेंब्ली पॉइंटवरच्या शीटचा फोटो त्याच दिवशी काढून एडिट बंद असलेल्या फोल्डरला टाका, एक्सेल नुसतं शोधायला ठेवा.

आणि भाच्या, मागच्या महिन्याच्या ड्रिलची शीट हरवलीय म्हणतोस ना, ती आता आठवून बनवू नकोस. आजची तारीख घालून "मूळ शीट मिळाली नाही" अशी नोंद कर, त्या दिवशीचं पंचिंग जोड आणि या आठवड्यात परत ड्रिल लाव.