टू-स्टेप काढून टाका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"व्यापारी बांधवांनो सावधान! टू-स्टेप लावू नका. सिम हरवलं किंवा रेंज नसली की आपलंच खातं आपल्याला कायमचं बंद. छोट्या दुकानदाराच्या डेटात कोणाला रस? पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा. टॅलीचा बॅकअप डी ड्राइव्हवर घ्या, विंडोज उडालं तरी तो जात नाही. शंभर टक्के खरं, सर्व ग्रुपवर पाठवा."

टू-स्टेप म्हणजे खातं उघडताना पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड. कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरत होता तोवर मी गप्प होतो. परवा भाऊजींचा फोन आला, "ते टू-स्टेप म्या काढूनच टाकलं. काहाले पाहिजे ते?" दारव्ह्याजवळ त्यांचं बियाणं-खताचं दुकान आहे आणि त्यांची टॅली मी पाहतो. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी सिमचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या "कायमचं" या शब्दाने केलं आहे. सिम हरवलं तर ओळखपत्र दाखवून त्याच नंबरचं नवीन सिम मिळतं. अडचण आहे ती वेगळीच, आणि तेवढं मी मान्य करतो: नवीन सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत. दुसऱ्याने तुमच्या नावाचं सिम काढून लगेच ओटीपी मिळवू नये, म्हणून तशी सोय केली आहे. म्हणजे एसएमएसवरच अवलंबून राहिलात तर एक दिवस अडकाल. तो दिवस निघावा म्हणूनच गुगल खात्यात `2-Step Verification` च्या पानावर `Backup codes` असतात. आठ-आठ आकडी दहा कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि त्याला ना सिम लागतं ना रेंज. नवीन संच काढला की जुने कोड रद्द होतात, तेव्हा जुना कागद फाडून टाका.

भाऊजींचे कोड मी मागच्या वर्षीच काढून दिले होते. वहीचं ते पान शोधलं, तर दुकानाच्या गल्ल्यात बिलबुकाखाली सापडलं, आणि पानावर वरती पासवर्डही लिहिलेला! एका कागदावर दोन्ही किल्ल्या, तेही जिथे दिवसभर चार माणसं हात घालतात तिथे. आता नवीन कोड घरी कपाटात शेताच्या कागदांसोबत आहेत, आणि पासवर्ड त्या कागदावर नाही.

रेंजचं म्हणाल तर आपल्या भागात ती जाते, हे खरंच आहे. पण कोड एसएमएसनेच आला पाहिजे असं थोडंच आहे? ऑथेंटिकेटर ॲप फोनमधल्या घड्याळावरून आणि सुरुवातीला स्कॅन केलेल्या गुप्त किल्लीवरून दर 30 सेकंदांनी नवा कोड स्वतःच बनवतं. शेतात, रेंज शून्य असतानाही. कोड सतत चुकीचा दाखवत असेल तर बहुतेकदा फोनची वेळ पुढेमागे झालेली असते. वेळ ऑटोमॅटिक करा. आणि सेटिंग करताना तोच क्यूआर वहिनींच्या किंवा मुलाच्या फोनमध्येही स्कॅन करून ठेवा, म्हणजे एक फोन विहिरीत पडला तरी दुसरा आहे.

एसएमएसचा कोड सगळ्यात कच्चा, यात वाद नाही. तरीही काहीच नसण्यापेक्षा तो किती बरा, हे गुगलने विद्यापीठांतल्या संशोधकांसोबत तपासून 2019 मध्ये मांडलं आहे. फोनवर येणाऱ्या साध्या एसएमएस कोडनेही आपोआप पासवर्ड टाकून पाहणारे सगळे हल्ले अडले, आणि सरसकट पाठवलेल्या फसव्या लिंकांतले 96 टक्के अडले. एकाच माणसाच्या मागे लागून केलेल्या हल्ल्यांत मात्र 76 टक्केच. म्हणून एसएमएसवर थांबू नका, ॲप लावा. पण सगळंच काढून टाका हा सल्ला कुठून आला?

आता "कोणाला रस" याचं. कृषी केंद्राच्या फोनमध्ये काय असतं ते आठवा: आधारच्या झेरॉक्सचे फोटो, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान, आणि कोणाकडे किती उधारी. आपल्याकडे कापूस विकल्यावर उधारी फिटते हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानदाराला नेमका त्याच दिवसांत फोन आला, "कंपनीच्या स्कीमचा सहा आकडी कोड आला असेल, सांगा." त्याने सांगितला. तो व्हॉट्सॲपच्या नोंदणीचा कोड होता. तासाभरात त्याच्या नावाने गिऱ्हाइकांना मेसेज गेले, "बाकी या क्यूआरवर टाका." दोघांनी टाकली. ती माणसं आजही म्हणतात, आम्ही तर पैसे दिले.

व्हॉट्सॲपच्या `Two-step verification` चा पिन लावलेला असता तर कोड सांगूनही चोर पिनच्या पाटीपुढे थांबला असता. पिन विसरलात तर सोबत दिलेल्या ईमेलवरून तो बदलता येतो, म्हणून ईमेल टाकाच. ईमेल नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. सात दिवस, कायमचं नाही. आणि खातं गेलंच असेल तर आपला नंबर पुन्हा नोंदवा. एसएमएसचा कोड टाकला की चोर बाहेर पडतो, जरी त्याने स्वतःचा पिन लावलेला असला तरी. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा.

एकच पासवर्ड सगळीकडे, यावर फार लिहीत नाही. एखादी फालतू साइट फुटली की तोच पासवर्ड तुमच्या ईमेलवर लावून पाहिला जातो, आणि ईमेल उघडलं की बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. निदान ईमेलचा वेगळा ठेवा.

डी ड्राइव्हचं मात्र नीट सांगायला हवं. विंडोज बिघडून सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, एवढं खरं आहे. पण स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून `Disk Management` उघडा. खाली `Disk 0` च्या एकाच ओळीत C: आणि D: शेजारी-शेजारी दिसले, तर ती एकाच तबकडीची दोन खोल्यांत केलेली वाटणी आहे. पावसाळ्यात वीज वरखाली होऊन डिस्क जळली की दोन्ही खोल्या सोबतच जातात. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरसही डी सोडत नाही, आणि लावून ठेवलेला पेनड्राइव्हही सोडत नाही.

म्हणून दोन पेनड्राइव्ह. टॅलीप्राइममध्ये `Alt+Y`, मग `Backup`. बॅकअप झाला की ड्राइव्ह लगेच काढा. एक आठवडा पहिला, पुढचा आठवडा दुसरा, आणि वापरात नसलेला घरी.

मग महिन्यातून एकदा त्यातला एक खरंच उघडून पाहा: `Alt+Y`, `Restore`, पण रिकाम्या नवीन फोल्डरमध्ये. चालू डेटाच्याच फोल्डरमध्ये केलं तर आजच्या नोंदींवर जुना डेटा बसतो. उघडल्यावर शेवटच्या नोंदीची तारीख आणि येणं बाकीची बेरीज चालू कंपनीशी जुळवा.

रविवारी भाऊजींच्या दुकानात बसून हेच केलं. पेनड्राइव्हवर फाइल होती, तारीख शनिवारचीच होती. उघडली तर शेवटची नोंद 31 मार्चची. नवीन वर्षाची कंपनी वेगळी उघडल्यापासून ते दर शनिवारी मागच्या वर्षाच्या कंपनीचाच बॅकअप घेत होते, आणि यंदाच्या खरिपाची सगळी उधारी फक्त त्या एका डिस्कवर होती. भाऊजींनी काही न बोलता चष्मा पुसला, `Backup` मधली कंपनी बदलली आणि मला विचारलं, "तो टू-स्टेपचा क्यूआर काढतं का पुन्हा?"