अक्काला पाठवलेला मेसेज निम्मा करताना

मागच्या आठवड्यात अक्काला एक मेसेज लिहिला, ४१० शब्द झाले. अण्णा गेल्यावर शेडमधले चारही माग मी तिला न विचारता भंगारात घातले, तिला ते दोन महिन्यांनी तिसऱ्याच माणसाकडनं कळलं आणि तेव्हापासून ती पुण्याहून फोन करते ते फक्त आईला. त्यात आता आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गड्ड्याच्या जत्रेचे मुख्य दिवस संपले की २० तारखेला, माझी दुपारची शिफ्ट, बायकोची शाळा. म्हणजे मला माफीपण मागायची होती आणि चार दिवस राहायला ये असंपण म्हणायचं होतं. माफीला चिकटून काम सांगितलं की माफी कामापुरती वाटते, आणि दोन दिवसांनी वेगळा मेसेज केला तर दुसरा वाचून पहिल्यावरचा पण विश्वास जातो. म्हणून एकातच लिहायचं ठरवलं.

पण ४१० शब्द कोण वाचणार, तेपण रागात असलेलं माणूस. मग मी एकेक वाक्य घेऊन बघितलं की हे कशासाठी आहे. माफी, मागणं, का माझी बाजू. निम्म्याहून जास्त माझी बाजू निघाली हो. शेडचं वीजबिल, गिऱ्हाईक मिळत नव्हतं, भंगारवाला त्याच दिवशी टेम्पो घेऊन आलता, मी एकट्यानं किती केलं. सगळं खरं होतं, पण ती वाचताना प्रत्येक ओळीला मनात उत्तर देणार, आणि भांडण परत पहिल्यापासनं. ते सगळं काढलं. कारण विचारलं तर फोनवर सांगेन, माफीत नको.

"माफ कर" सहा वेळा आलं होतं. तेव्हा एक लक्षात आलं, "माफ कर", "समजून घे", "राग सोड" ही पण मागणीच आहेत, म्हणजे मी तिच्याकडं एक नाही कितीतरी गोष्टी मागत होतो. एकदाच ठेवलं. "तुला वाईट वाटलं असेल तर" यातला "तर" काढला, वाईट वाटलंय हे मला माहीत आहे की.

इथं मी एक चूक केली. कापायच्या नादात माफी एवढीच उरली, "मागाचं जे झालं त्याबद्दल सॉरी." १२० शब्दांत सगळं बसलं, मला बरं वाटलं. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "अहो, वन्संना वाटंल काम निघालं म्हणून सॉरी म्हणतायत." बरोबर होतं तिचं. मागणं पाच ओळी आणि माफी एक ओळ. "जे झालं" म्हणजे आपोआप झालं का, मी केलं ना.

मग काढलेल्यातली एक गोष्ट परत आणली. अक्का शाळेतनं आली की दप्तर टाकून सुताच्या कांड्या भरायला बसायची, अण्णा माग चालवायचे. पहिल्या ड्राफ्टमध्ये हे टेम्पोवाल्याच्या गोष्टीत कुठंतरी दबलं होतं. पण माझ्या बाजूचं कापायचं आणि तिचं काय गेलं ते ठेवायचं, हा फरक मला इथं कळला. शेवटी माफी अशी झाली:

"अक्का, अण्णांचे माग मी तुला न विचारता विकले आणि नंतर सांगितलंपण नाही. त्या मागांवर तू कांड्या भरल्यास, ते जायच्या आधी एकदा बघायचा तुझा हक्क होता, तो मी हिरावला. चूक माझी आहे. मला माफ कर."

खाली एक ओळ मोकळी सोडून मागणं. आधी होतं "आईला तुझी गरज आहे, बघ जमलं तर", यात नेमकं काय करायचंय ते कळतच नाही आणि नाही म्हणणाऱ्याला अपराधी वाटतं ते वेगळंच. ते असं केलं:

"आईचं ऑपरेशन २० तारखेला आहे. २० ते २३ दुपारी दोन ते सहा तिच्याजवळ कोणी नाही, थेंब वेळेवर घालावे लागतील. तू येशील का? नाही जमलं तर मी रजा टाकतो, १५ पर्यंत सांग. मागाच्या रागाचा आणि याचा संबंध लावू नको, यायचं नसलं तरी वरची माफी तशीच आहे."

शेवटचं वाक्य कापायचा दोनदा मोह झाला, नाही कापलं. मग तपासलं, खालचा भाग बोटानं झाकला तर वरची माफी एकटी उभी राहते का, वरचा झाकला तर काम काय ते कळतं का. दोन्ही जमलं. आईच्या तब्येतीच्या दोन ओळी धरून २०० च्या आत आला.

रात्री पाठवला. सकाळी अक्काचं उत्तर, "मागाचं समोर बसून बोलू. थेंबांच्या चिठ्ठीचा फोटो पाठव."