साडेतीन सेंटीमीटरची गाठ आणि रिकामं वारूळ

"लिम्फोमाला सहा किमो दिले तरी सीटीत गाठ दिसतेच, म्हणजे किमो फेल. वर परत पेट स्कॅन काढा म्हणतात, नुसता पैसे उकळायचा धंदा. त्यात साखर टोचतात, साखरेनं कॅन्सर वाढतो. स्टेज चार असेल तर हे सगळं करून उपयोग शून्य. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हे मला पंधरा दिवसांत तीन ग्रुपवर आलं, एक निपाणीच्या दोस्तांचा, एक गल्लीतल्या गणपती मंडळाचा आणि एक चक्क घरचा, मामांनी टाकलेला. मामांना उत्तर लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं सगळ्यांनाच टाकावं. मी पेट सीटीच्या विभागात टेक्निशियन आहे, इंजेक्शन देणं आणि मशीनवर झोपवणं हे माझं काम, रिपोर्ट डॉक्टर लिहितात, पण नऊ वर्षं रोज तेच बघतोय.

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. त्यातल्या गाठीचं आधी घेतो, कारण घोळ सगळा तिथंच आहे. शेताच्या बांधावर मुंग्यांचं वारूळ असतं बघा, मुंग्या मेल्या किंवा निघून गेल्या तरी मातीचा ढिगारा तसाच उभा राहतो, पाऊस पडून पडून हळूहळू बसतो, आणि लांबून उंची बघून आत मुंग्या आहेत की नाहीत ते कुणालाही सांगता येणार नाही. लिम्फोमाची गाठ तशीच असते. ती नुसत्या कॅन्सरच्या पेशींची नसते, विशेषतः हॉजकिन नावाच्या प्रकारात तर खऱ्या कॅन्सरच्या पेशी गाठीत मूठभरच असतात, बाकी सगळी भोवती जमलेली गर्दी आणि दोऱ्यांसारखे तंतू. किमोनं पेशी मेल्या तरी ते तंतू जात नाहीत, व्रण राहावा तसे राहतात. सीटी फक्त आकार मोजतं. म्हणून पूर्वी डॉक्टरांची पण पंचाईत व्हायची, उपचाराला लिम्फोमा किती दबला ते ठरवायच्या १९९९ च्या नियमावलीत तर "पूर्ण बरा, पण खात्री नाही" अशा अर्थाचा एक वेगळा कप्पाच होता, गाठ बरीच आटली पण थोडी उरली अशा पेशंटसाठी. २००७ मध्ये पेटचा निकष आला आणि तो कप्पाच काढून टाकला.

पेटमध्ये काय करतात, तर वारुळाजवळ साखर ठेवून बघतात. मुंग्या असतील तर येतील.

आता ती टोचलेली साखर. एफडीजी म्हणतात तिला, ग्लुकोजसारखाच रेणू, फक्त त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. भुकेली पेशी ग्लुकोज समजून ते आत ओढून घेते, त्यावर पहिली प्रक्रिया करते आणि मग अडकते, कारण पुढची पायरी त्या रेणूला चालतच नाही. म्हणजे पेशीच्या हाती खायला काही लागत नाही, ते नुसतं आत पडून राहतं आणि आम्हाला मशीनवर चमकताना दिसतं. आणि किती असतं म्हणाल तर वजनात ग्रॅमचा लाखावा भाग सुद्धा नसेल. बेळगावी कुंद्याचा एक घास खाल्ला तर त्याच्या कितीतरी हजार पट साखर पोटात जाते, मामा, आणि ती तुम्ही डायबेटिस असून खाता. त्यातल्या फ्लोरिनचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, संध्याकाळपर्यंत बहुतेक संपलेला असतो. रेडिएशन लागतं हे खरं, शून्य नाही, म्हणून तर उगाच काढू नये, त्यावर शेवटी येतो.

साखरेवरून आमच्याकडं रोजचं भांडण मात्र वेगळंच असतं. सहा तास काही खायचं नाही, फक्त पाणी, असं फोनवर दोनदा सांगितलेलं असतं, तरी कोणीतरी चिकोडीहून पहाटेची एसटी धरून येतो आणि स्टँडवर "नुसता चहाच घेतला की ओ" म्हणतो. चहातली साखर गेली की इन्शुलिन वाढतं, मग आमचं औषध गाठीत जायच्या ऐवजी दंडामांड्यांत जातं, फोटोत पेशंट पैलवानासारखा उजळलेला आणि गाठ फिकी. असा स्कॅन वाचला तर खोटा दिलासा मिळतो. एकजण आदल्या दिवशी ऊसाच्या मोळ्या ट्रॅक्टरवर टाकून आला होता, त्याचे खांदे असेच पेटलेले. आणि डिसेंबरात बेळगावच्या थंडीत मानेभोवतीची चरबी ऊब करायला साखर जाळते, ती नेमकी जिथं लिम्फोमाच्या गाठी असतात तिथंच चमकते. म्हणून इंजेक्शननंतर तासभर पेशंटला ब्लँकेट पांघरून गप्प बसवतो, मोबाईलवर बोलायचं पण नाही. लोकांना वाटतं उगाच छळतात.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. खानापूर तालुक्यातला एक पोरगा, बावीस वर्षांचा. डाव्या मानेला गाठ, रोज संध्याकाळी ताप, रात्री बनियन पिळून काढावं एवढा घाम. आपल्याकडं असं काही दिसलं की पहिलं टीबी, तसं चार महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, मग कुणीतरी गाठीचा तुकडा तपासला तेव्हा हॉजकिन निघाला. पहिल्या पेटमध्ये मान, छातीच्या मधोमध साडेदहा सेंटीमीटरचा गोळा, आणि खाली पोटात प्लीहा, एवढं चमकलं.

इथं स्टेजचं सांगून टाकतो. लिम्फोमाची स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय त्याचा नकाशा, पद्धत १९७१ ची अ‍ॅन आर्बरची आहे, तीच २०१४ मध्ये लुगानोच्या नावानं पेट धरून नवी केली. एकाच जागी गाठी असतील तर एक, छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त जागी असतील तर दोन, पडद्याच्या वर आणि खाली दोन्हीकडं असतील तर तीन, आणि लिव्हर, फुप्फुस, हाडाचा मगज असं पसरलं तर चार. ताप, भिजवणारा घाम, किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरणं यातलं काही असेल तर हॉजकिनमध्ये पुढं बी लावतात. आपला पोरगा तीन बी. पोटातली प्लीहा पेटनं दाखवली नसती तर तो दोन बी ठरला असता. स्टेज चार ऐकलं की लोक घरी रडारड करतात कारण फुप्फुसाच्या नाहीतर जठराच्या कॅन्सरची स्टेज चार डोक्यात असते. पण लिम्फोमा हा मुळात फिरणाऱ्या पेशींचा आजार आहे, आणि हॉजकिनच्या स्टेज चारमधले सुद्धा निम्म्याहून जास्त लोक आजच्या औषधांनी बरे होतात. स्टेजवरून किती आणि कसले किमो द्यायचे ते ठरतं, द्यायचे की नाही ते नाही.

तर त्याला एबीव्हीडी सुरू झालं, चार औषधं, पंधरा दिवसांनी एक डोस, दोन डोसची एक सायकल. दोन सायकल झाल्यावर पुढच्या डोसच्या अगदी तोंडावर मधला पेट काढला. गोळा साडेपाचवर आलेला, चमक जवळजवळ गेलेली. यावर डॉक्टरांनी चारातलं ब्लिओमायसिन बंद केलं, ते औषध फुप्फुसाला इजा करतं. हे मनानं नाही केलं, २०१६ मध्ये राथल नावाचा बाराशेहून जास्त पेशंटचा अभ्यास आलाय, त्यात मधला पेट चांगला आलेल्यांचं ब्लिओमायसिन काढलं आणि तीन वर्षांनी बघितलं तर आजार न उलटलेले दोन्हीकडं शंभरात पंच्याऐंशीच्या आसपासच. म्हणजे या स्कॅननं त्याचं एक वाईट औषध वाचवलं, आणि मधला पेट खराब आला असता तर उलट औषध जड करावं लागलं असतं.

सहा सायकल संपल्या आणि सात आठवड्यांनी शेवटचा पेट. लगेच काढत नाहीत, किमोनंतर निदान तीन आठवडे आणि शक्यतो सहा ते आठ जाऊ द्यायचे, रेडिएशन दिलं असेल तर तीन महिने, नाहीतर मेलेल्या पेशींची साफसफाई चाललेली असते तीच चमकते आणि घाबरगुंडी उडते. रिपोर्ट घेऊन पोराचे काका आले ते भांडायलाच. बोट ठेवलं त्या ओळीवर, छातीत ३.४ सेंटीमीटरचा अवशेष गोळा. "एवढा खर्च करून गाठ हायच की!" मी खालची ओळ दाखवली. गोळ्याची चमक, म्हणजे त्यानं साखर किती ओढली त्याचा आकडा, १.४. त्याच स्कॅनमध्ये छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीतल्या रक्ताची १.७ आणि लिव्हरची २.४. पहिल्या स्कॅनला हाच गोळा १४ वर होता.

ही तुलना म्हणजे डोव्हिल स्कोअर, फ्रान्समधल्या डोव्हिल गावी २००९ मध्ये ठरलेला. काहीच चमक नाही तर एक, रक्ताएवढी किंवा कमी असेल तर दोन, रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरच्या वर नाही तर तीन, लिव्हरपेक्षा जास्त असेल तर चार, खूपच जास्त किंवा नवीन जागा निघाली तर पाच. पेशंटच्या स्वतःच्याच लिव्हरशी तुलना असते म्हणून मशीन बदललं तरी थोडंफार निभतं, तरी जमेल तर सगळे स्कॅन एकाच ठिकाणी काढा. किमो संपल्यावर एक ते तीन आला की पूर्ण प्रतिसाद, गोळा कितीही उरलेला असो. आपला पोरगा दोन. वारूळ आहे, मुंग्या नाहीत. काकांना हे दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा कानडीत.

आता पेट म्हणजे देववाणी आहे असंही नाही. साखर फक्त कॅन्सरच खात नाही, टीबी खातो, साधं इन्फेक्शन खातं, आणि तरुण पोरांत किमोनंतर छातीतली थायमस ग्रंथी परत फुगते ती पण खाते. अथणीकडच्या एका बाईंचा शेवटचा पेट, जुन्या सगळ्या जागा विझलेल्या आणि फुप्फुसाच्या मुळाशी नवीनच एक गाठ चमकली, कागदावर पाच. घरचे दुसऱ्या किमोचे पैसे जमवायला लागले. डॉक्टरांनी आधी तुकडा काढला, टीबी निघाला. चार किंवा पाच आला तर औषध बदलायच्या आधी बायोप्सीचं विचारा, विशेषतः जागा नवीन असेल तर. आणि काही लिम्फोमा मुळातच साखर फार खात नाहीत, सीएलएल किंवा मार्जिनल झोनसारखे, त्यांना सहसा सीटीवरच बघतात, तिथं प्रत्येक वेळी पेट लिहून देत असतील तर का ते जरूर विचारा.

धंद्याच्या मुद्द्यात एवढं खरं आहे. एकदा पूर्ण प्रतिसाद आला, पेशंटला काही त्रास नाही, तरी दर सहा महिन्यांनी "बघून घेऊ" म्हणून पेट काढत राहणं, हे लुगानोच्या नियमात सुद्धा नको म्हटलंय. रेडिएशन आणि पैसे जातातच, वर खोटी चमक सापडून नसत्या बायोप्स्या होतात. खानापूरचा पोरगा आता तीन महिन्यांनी येतो, डॉक्टर मानेला, काखेला, पोटाला हात लावून बघतात, वजन, रक्त, बस. मागच्या वेळी त्याचे तेच काका माझ्या खिडकीशी येऊन विचारत होते, स्कॅन का काढत नाहीत म्हणून.