‘क्वालिटी १०० वर सेव्ह करा’ या फॉरवर्डचा प्रतिवाद

«फोटो शेअर होऊन होऊन चौकोनी-चौकोनी झालाय? काळजी नको. १) फोटो उघडून क्वालिटी १०० वर सेव्ह करा किंवा पीएनजी करा, गेलेला डेटा परत येतो. २) मग साइज दुप्पट करा, चौकोन विरघळतात. ३) शेवटी शार्पन मारा, फोटो ओरिजिनलसारखा! ४) आणि पुढे जपा, कारण प्रत्येक सेव्हला फोटो तेवढाच खराब होतो.»

पहिला मुद्दा तपासण्याआधी ते चौकोन कोठून येतात ते पाहावे लागेल, कारण बाकीच्या तीन मुद्द्यांचा निकालही तेथेच लागतो. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याचे ६४ अंकांत रूपांतर करते. त्यातला पहिला अंक तुकड्याचा सरासरी उजळपणा सांगतो, तर उरलेले ६३ अंक त्याच्या आतले चढउतार सांगतात, आधी सावकाश होणारे आणि मग बारीक. पुढे प्रत्येक अंक एका ठरावीक पायरीने भागून पूर्णांकात बसवला जातो. क्वालिटीचा आकडा जितका कमी, तितक्या या पायऱ्या मोठ्या, आणि नुकसान होते ते याच ठिकाणी.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. संध्याकाळचे आकाश आहे आणि डावीकडून उजवीकडे दर पिक्सेलला उजळपणा एका अंकाने वाढतो आहे. लागोपाठच्या चार तुकड्यांची सरासरी १३०, १३८, १४६ आणि १५४ अशी आहे. पायऱ्यांचे रूढ कोष्टक वापरून क्वालिटी १० ठेवली, तर सरासरीची पायरी १२८ पासून मोजत १० अंकांची होते आणि तुकड्याच्या आतला हलका चढ सांगणारा अंक पायरीच्या निम्म्याहूनही लहान असल्यामुळे थेट शून्य होतो. फाइल उघडल्यावर हाती येतात ते १२८, १३८, १४८ आणि १५८ असे चार सपाट चौकोन, दोन चौकोनांच्या सांध्यावर दहा अंकांची उडी घेऊन. क्वालिटी १० हे मुद्दाम टोकाचे उदाहरण घेतले आहे, पण मधल्या क्वालिटीवर तीन-चारदा वेगवेगळ्या तऱ्हेने दाबलेले चित्र आकाशात आणि भिंतींवर असेच दिसू लागते.

आता हे चार सपाट चौकोन क्वालिटी १०० वर सेव्ह केले तर काय होईल? १२८ ला १२८ आणि १३८ ला १३८ म्हणूनच लिहिले जाईल. आतला चढ आधीच शून्य झालेला असल्यामुळे तो कोणत्याही क्वालिटीवर परत येणार नाही, आणि दहा अंकांची उडी मात्र नेमकेपणाने जपली जाईल. पीएनजीचेही तेच. पीएनजी पुढचे नुकसान थांबवते, झालेले भरून काढत नाही. फाइल कित्येक पटींनी मोठी होते, आणि बहुधा त्या वाढलेल्या आकाराकडे पाहूनच ‘डेटा परत आला’ असा समज पसरला असावा.

या सल्ल्यात याहून मोठा तोटा आहे आणि त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. जेपेग फाइलच्या आत पायऱ्यांचे कोष्टकही ठेवलेले असते. १२८ लिहिलेल्या तुकड्याची खरी सरासरी १२३ ते १३३ या पट्ट्यात कोठेतरी होती, हे त्या कोष्टकावरून कळते. चौकोन कमी करणारी चांगली साधने, उदाहरणार्थ jpegqs, नेमकी हीच माहिती वापरतात: प्रत्येक अंक त्याच्या शक्य पट्ट्याच्या आतच हलवायचा आणि शेजारच्या तुकड्याशी सांधा जुळवायचा. आपल्या आकाशात हे साधन शून्य झालेला चढ बऱ्याच अंशी पुन्हा उभा करू शकते, कारण तो चढ पट्ट्यात बसतो. पण तुम्ही आधी क्वालिटी १०० वर सेव्ह केलेत, तर कोष्टकातल्या पायऱ्या अगदी बारीक होतात, साधनाला वाटते की सर्व अंक जवळजवळ अचूक आहेत, आणि ते चित्राला हातही लावत नाही. म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी म्हणून सांगितलेली गोष्टच दुरुस्तीची वाट बंद करते. म्हणून फाइल हाती आली की ती न बदलता आधी तपासावी:

```
identify -format "%w x %h  Q=%Q\n" photo.jpg
jpegqs photo.jpg saaf.jpg
```

पहिली आज्ञा इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. ती कोष्टकावरून क्वालिटीचा अंदाज सांगते. चित्र चौकोनांनी भरलेले असून आकडा ९२ किंवा ९५ येत असेल, तर समजावे की खरे नुकसान आधीच्या कोणत्यातरी फेरीत झाले आहे आणि शेवटच्या सेव्हने त्यावर पांघरूण घातले आहे. अशा फाइलवर दुसरी आज्ञा चालवून फारसा फरक पडणार नाही, आणि तो साधनाचा दोष नव्हे.

दुपटीच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात सांगता येते. मोठे करताना सांध्यावरची उडी दोन-तीन पिक्सेलवर पसरते, त्यामुळे पडद्यावर क्षणभर बरे वाटते. पण ८ चा चौकोन १६ चा झालेला असतो, उडी दहा अंकांचीच राहते, आणि चित्र पुन्हा जेपेगमध्ये गेले की जुन्या जाळीवर ८ ची नवी जाळी बसते. उलट दिशेचा उपाय कितीतरी प्रामाणिक आहे. चित्र फोनवरच पाहिले जाणार असेल, तर ते निम्म्या आकाराचे केल्यास चौकोन ४ पिक्सेलचे होतात आणि बारीक तपशिलाच्या जागी जो कचरा होता तो सरासरीत जातो. तपशील तसाही उरलेला नव्हता.

शार्पनबद्दल तर सल्ला पूर्ण उलटा आहे. शार्पन करणारी गाळणी शेजारच्या पिक्सेलमधला फरक शोधते आणि तो वाढवते. सपाट चौकोनांच्या चित्रात तिला सापडणारे सर्वांत ठळक फरक म्हणजे चौकोनांचे सांधेच. १२८ आणि १३८ यांच्या सीमेवर ती १२६ आणि १४० करून ठेवते. अक्षरांच्या शिरोरेषेभोवती किंवा इमारतीच्या कडेला जी मळकट लहर दिसते, तीही उठून येते. शार्पन करायचेच असेल तर सांधे बुजल्यावर, अगदी हलके, आणि आकाश वगळून करावे.

‘प्रत्येक सेव्हला तेवढेच नुकसान’ हा चौथा मुद्दा ऐकायला सावधपणाचा वाटतो, म्हणून त्याच्यावर सर्वांचा विश्वास बसतो. तोही खरा नाही. चित्रात काहीही न बदलता, त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केले, तर सर्व अंक आधीच त्या पायऱ्यांच्या पटीत असतात आणि बहुतेक जिथल्या तिथे बसतात. रंगांच्या रूपांतरातील पूर्णांकीकरणामुळे थोडी हालचाल होते, पण काही फेऱ्यांनंतर चित्र जवळजवळ स्थिरावते. फॉरवर्ड होणारे चित्र बिघडते ते दोन सेव्हच्या मध्ये जे घडते त्यामुळे: अ‍ॅप आकार बदलते, कोणी स्क्रीनशॉट काढतो, कोणी वरून बारा पिक्सेल कापतो, कोणी वर शुभेच्छांची पट्टी जोडतो. या प्रत्येक वेळी ८ ची जाळी सरकते किंवा आक्रसते, जुने सांधे नव्या तुकड्यांच्या पोटात येतात, आणि जेपेग त्यांना चित्राचा तपशील समजून जपू लागते.

स्क्रीनशॉटचे एक प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण आपल्याकडच्या गटांत फिरणाऱ्या बऱ्याच फोटोंची हीच कथा असते. मूळ फॉरवर्ड १२८० × ९६० चा होता. कोणीतरी १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर तो पूर्ण रुंदीत उघडून स्क्रीनशॉट घेतला, वरखालची काळी जागा कापली आणि १०८० × ८१० चा फोटो पुढे पाठवला. या फोटोत दोन जाळ्या आहेत. शेवटच्या सेव्हची जाळी ८ ची, आणि जुनी जाळी ६.७५ ची, कारण ८ ला १०८०/१२८० ने गुणले की तेवढेच येते. ओळखायचे असे: फोटो ८०० टक्के मोठा करून आकाशाचा भाग पाहावा, एका सांध्यापासून सोळा चौकोन मोजावेत आणि अंतर पाहावे. १२८ पिक्सेल आले तर ती ताजी जाळी, १०८ आले तर जुनी. एकच चौकोन मोजून हे कळत नाही, कारण सव्वा पिक्सेलचा फरक डोळ्याला नीट दिसत नाही.

अशा फोटोवर आधी jpegqs चालवून ताजी जाळी बुजवावी आणि निकाल पीएनजीत ठेवावा. नंतर तो १२८० × ९६० चा करावा, म्हणजे जुनी जाळी पुन्हा जवळजवळ ८ वर येते. डावी आणि वरची कड मुळातली असेल तरच ती तुकड्यांशी जुळते. वरून काही कापलेले असेल, तर पहिला पूर्ण चौकोन जेथे सुरू होतो तेथपर्यंत आणखी कापावे लागते. त्यानंतर फोटो मुद्दाम क्वालिटी ५० च्या आसपास जेपेग करून jpegqs पुन्हा चालवावे. हे वाचून भुवया उंचावतील, पण जाळी जुळलेली असताना या सेव्हने जाते ते थोडे, आणि साधनाला मात्र पायऱ्यांचे रुंद पट्टे मिळतात. जाळी जुळलेली नसेल तर हा प्रयोग निव्वळ नुकसान आहे. जुळली की नाही हे जिंप या चित्र-संपादकात ८ पिक्सेलची ग्रिड चित्रावर ठेवून आधी तपासावे, आणि चित्राच्या चारही कोपऱ्यांत तपासावे, कारण आकारात एका पिक्सेलची चूक झाली तरी मध्यावर जुळणारी जाळी कडेला सरकलेली असते.

रंगांचे डाग उरतील. जेपेग बहुधा रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करूनच साठवते, त्यामुळे रंगाचे चौकोन १६ पिक्सेलचे असतात आणि चेहऱ्यावर हिरवट-जांभळे ठिपके म्हणून दिसतात. येथे धूसर करणे चालते. जिंपमध्ये थराची प्रत करून तिला चार ते आठ पिक्सेलचा Gaussian Blur द्यावा आणि थराचा मोड HSL Color ठेवावा. फक्त रंग मऊ होतो, उजळपणातला तपशील खालच्या थरातून जसाच्या तसा येतो. मर्यादा अशी की लाल साडीचा रंग पांढऱ्या भिंतीवर थोडा सांडतो, तेवढ्या कडा वगळाव्यात.

याने चौकोन कमी होतात. डोळ्यांच्या पापण्या, कापडाची वीण, मागच्या रांगेतील लहान चेहरे यांची माहिती शून्य झालेल्या अंकांबरोबर गेलेली असते आणि ती यातून परत येत नाही. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी गटात वर जाऊन सर्वांत आधी आलेली प्रत शोधावी, जमल्यास फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. आणि चित्र म्हणजे जत्रेच्या वेळापत्रकासारखा मजकूरच असेल, तर वरील खटाटोप करूच नये. तो मजकूर पुन्हा टाइप करायला दहा मिनिटे पुरतात.