मिनिमम ड्यू भरत राहिलं की कार्ड फिटतं? हिशोब मांडून पाहू

«क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल भरायची घाई कशाला? मिनिमम ड्यू भरा. लेट फी नाही, सिबिलला धक्का नाही. व्याज लागलंच तर फक्त उरलेल्या रकमेवर, तेही महिन्याला पावणेचार टक्के. दर महिन्याला पाच टक्के भरत गेलात की वीस महिन्यांत कार्ड साफ. तोवर कार्ड बिनधास्त वापरा, नव्या खरेदीला पन्नास दिवस बिनव्याजी मिळतातच.»

असा एक संदेश लोक एकमेकांना पुढे पाठवतात. त्यातलं लेट फीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत किमान रक्कम पोहोचली की लेट फी लागत नाही आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या महिन्याचा हप्ता थकला अशी नोंदही होत नाही. पण सिबिल स्कोअर ठरताना मर्यादेतला किती हिस्सा वापरात आहे हेही पाहिलं जातं. ६०,००० च्या मर्यादेवर ५१,००० ची बाकी महिनोन्महिने दिसत राहिली तर एकही तारीख न चुकवता स्कोअर खाली येऊ शकतो. हा मुद्दा एवढ्यावर सोडू, कारण खरं नुकसान पुढच्या तीन वाक्यांत आहे.

व्याज उरलेल्या रकमेवर लागतं, हे खरं. ते कोणत्या दिवसापासून लागतं, हे मात्र सांगितलेलं नाही. समजा १५ जूनला कार्डावर ५०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. बिल ५ जुलैला आलं, भरायची शेवटची तारीख २५ जुलै. पूर्ण ५०,००० भरले असते तर व्याज शून्य. पण २,५०० भरले आणि ४७,५०० मागे राहिले. आता व्याज २५ जुलैपासून नाही, तर खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १५ जूनपासून धरतात. पुढचं बिल ५ ऑगस्टला निघेपर्यंत ५१ दिवस होतात. पावणेचार टक्के महिना म्हणजे ४५ टक्के वर्षाला, आणि हिशोब रोजच्या रोज चालतो. ४७,५०० वर ५१ दिवसांचं व्याज २,९८७ रुपये होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५३८ रुपये. एकूण ३,५२५.

म्हणजे ५ ऑगस्टचं बिल येतं ५१,०२५ रुपयांचं. मधल्या काळात कार्डावर एक रुपयाही खर्च केलेला नाही, २,५०० भरले आहेत, आणि बाकी फ्रिजच्या किमतीपेक्षा हजाराने जास्त आहे. भरलेले २,५०० पहिल्या दिवसापासून वजा धरून केलेला हा हिशोब आहे, म्हणजे कार्डधारकाच्या बाजूने झुकलेला. जीएसटी फक्त व्याजावर असल्यामुळे तो किरकोळ वाटतो, पण त्याच्यासकट महिन्याचा खरा दर ३.७५ नाही, जवळपास ४.४ टक्के पडतो. बँकेच्या साध्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. दोन्हींची तुलना करताना हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता वीस महिन्यांचं गणित. पाच टक्के गुणिले वीस बरोबर शंभर, हे ऐकायला बिनचूक वाटतं. त्यात दोन गोष्टी सुटल्या आहेत. एक म्हणजे पाच टक्के दर महिन्याला त्या-त्या वेळच्या बाकीचे मोजतात, मूळ ५०,००० चे नाही. बाकी कमी झाली की हप्ताही कमी होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: ते पाच टक्के मुद्दलात जात नाहीत. भरलेल्या रकमेतून आधी कर, शुल्क आणि व्याज वळतं होतं, उरेल ते मुद्दलाला.

ऑगस्टचंच बिल पुढे नेऊ. ५१,०२५ चे पाच टक्के म्हणजे २,५५१ रुपये २५ ऑगस्टला भरले. सप्टेंबरच्या बिलात नवं व्याज आणि जीएसटी मिळून साधारण २,२०० येतात. बाकी होते सुमारे ५०,६७०. अडीच हजार भरून कर्ज उतरलं साडेतीनशे. पुढच्या महिन्यात हप्ता थोडा लहान, उतारही थोडा लहान. असंच चालू राहिलं आणि कार्ड कपाटात बंद ठेवलं, तर वर्षभरात २९,००० च्या वर भरूनही बाकी साडेशेचाळीस हजारांच्या आसपास असते. ती निम्म्यावर यायला साडेसात वर्षं लागतात आणि तोवर खिशातून दीड लाखाहून जास्त गेलेले असतात. वीस महिन्यांनी कार्ड साफ होणं सोडाच, त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार शिल्लक असतात.

इथे एक फरक सांगायला हवा. सगळ्या कार्डांची किमान रक्कम सरसकट पाच टक्के नसते. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे किमान रक्कम अशी ठरवायची असते की ती भरूनही कर्ज फुगत जाऊ नये. त्यामुळे काही कार्डांवर त्या महिन्याचं पूर्ण व्याज, जीएसटी, शुल्क आणि चालू ईएमआय, अधिक मुद्दलाचा एखाद-दोन टक्के भाग अशी बेरीज असते. तिथे हप्ता मोठा दिसतो आणि मुद्दल जरा लवकर उतरतं. आपल्या कार्डाला कोणतं सूत्र लागू आहे, ते कार्डासोबत आलेल्या मुख्य अटी-शर्तींच्या पत्रकात उदाहरणासह लिहिलेलं असतं. त्याच निर्देशांमुळे बिलावर एक इशाराही छापलेला असतो: दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरली तर परतफेड महिने किंवा वर्षं लांबते आणि चक्रवाढ व्याज पडतं. पाच टक्क्यांचा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या बिलावरही ते वाक्य असतंच.

मग बँकेला कर्ज फुगू द्यायचं नसतानाही बाकी वर्षानुवर्षं वाढते कशी? त्याचं उत्तर संदेशाच्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि तेच सगळ्यात महागात पडतं. पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते. मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला एकही बिनव्याजी दिवस मिळत नाही. सहा तारखेला भरलेल्या किराण्याच्या १,२०० वर सहा तारखेपासूनच व्याज सुरू होतं, मग त्याचं बिल यायला महिना असो.

वरच्याच माणसाने सप्टेंबरपासून कार्डावर महिन्याला फक्त ३,००० चा खर्च चालू ठेवला असं धरू. पेट्रोल, रिचार्ज, थोडा किराणा. तो दर महिन्याला अडीच हजारांपासून पुढे चार हजारांपर्यंत किमान रक्कम इमानाने भरतो आहे, तेव्हा त्याला वाटतं की जेवढं वापरतो तेवढं फेडतो. वर्षअखेरचा हिशोब असा निघतो: नवा खर्च ३६,०००, भरलेली रक्कम सुमारे ४०,०००, आणि बाकी ५१,००० वरून ८१-८२ हजारांवर. खर्चापेक्षा चार हजार जास्त भरूनही कर्ज तीस हजारांनी वाढलं. मधली तफावत म्हणजे जवळपास ३५,००० चं व्याज आणि जीएसटी. पूर्ण व्याज किमान रकमेत धरणाऱ्या कार्डावरही दिशा हीच राहते. मुद्दल महिन्याला हजाराच्या आसपास उतरतं आणि वर ३,००० चढतात. किमान रकमेचा नियम जुन्या बाकीपुरता आहे, नवा खर्च तो अडवत नाही.

ही वाढ बिलावर पटकन दिसत नाही, कारण नजर एकूण देय आणि किमान देय या दोन आकड्यांवरच जाते. व्यवहारांच्या यादीत फायनान्स चार्जेस आणि त्याखालची जीएसटीची ओळ शोधा. या दोन्हींची बेरीज मागच्या महिन्यात भरलेल्या रकमेतून वजा करा. जे उरेल तेवढंच कर्ज उतरलं. ते त्या महिन्याच्या नव्या खर्चापेक्षा कमी असेल तर बाकी चढते आहे, किमान रक्कम वेळेवर गेलेली असली तरी.

«पंचेचाळीस टक्के व्याज कायद्यात बसेलच कसं» या आशेवर कुणी थांबू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

बाकी अडकलीच असेल तर पहिलं काम म्हणजे त्या कार्डावरचा नवा खर्च थांबवणं. यात कपाटात ठेवलेलं प्लॅस्टिक कमी महत्त्वाचं, बाकीचे मार्ग जास्त. ओटीटी आणि विम्याचे आपोआप कटणारे हप्ते, खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड, यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड, हे सगळं काढा आणि रोजचा खर्च बचत खात्यातून करा.

दुसरं, हप्ता टक्क्यात नको, रुपयांत ठरवा. ऑगस्टच्या ५१,०२५ वर किमान रक्कम २,५५१ होती. पुढे बिलावर किमान रक्कम कितीही कमी झाली तरी २,५५१ च भरत राहिलं, तर नव्या खर्चाशिवाय ही बाकी साधारण चार वर्षांत संपते. महिन्याला ५,००० भरले तर चौदा महिन्यांत संपते आणि एकूण ६८-६९ हजार जातात.

तिसरं, बाकी ईएमआयमध्ये बदलून घेता येते का ते पाहा. दर कार्डाप्रमाणे वेगळा असतो. १६ टक्के वार्षिक धरला तर ५१,००० चा बारा महिन्यांचा हप्ता ४,६२७ रुपये येतो. व्याज साडेचार हजार, त्यावर जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क. पाच हजारांच्या चौदा हप्त्यांशी ताडून पाहिलं तर दहा हजारांहून जास्त वाचतात. पण हा हप्ता पुढे किमान रकमेत पूर्ण धरला जातो, त्यामुळे तो भरण्याची ताकद आधी तपासा. ईएमआय केल्यावर त्याच कार्डाच्या मोकळ्या मर्यादेवर पुन्हा खर्च सुरू केला, तर दोन कर्जं समांतर चालतात.

पूर्ण बाकी एकदम भरली तरी पुढच्या बिलात थोडं व्याज दिसतं, आणि तिथे बरेच जण चुकतात. ५ ऑगस्टचं ५१,०२५ चं बिल २५ ऑगस्टला पूर्ण भरलं, तरी मधल्या वीस दिवसांचं व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे १,४७० रुपये सप्टेंबरच्या बिलात येतात. ती चूक समजून वाद घालत बसू नका, आणि त्यातलीही फक्त किमान रक्कम भरू नका. ते बिल तारखेच्या आत पूर्ण भरा, म्हणजे पुढच्या खरेदीला बिनव्याजी दिवस पुन्हा लागू होतात.